भागीदाराचा पगार: दुकानाचा खर्च की नफ्याचीच वाटणी?

नागपूरच्या इतवारीतल्या किंवा गांधीबागेतल्या भागीदारी फर्ममध्ये मार्च सरत आला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: “पगार वाढवून दाखवू, टॅक्स वाचते.” पगार हा खर्च आहे, असं यात गृहीत धरलेलं असतं. नोकराचा पगार खर्चच असतो. भागीदाराच्या पगाराची गोष्ट वेगळी आहे. फर्म म्हणजे भागीदारच, आणि माणूस स्वतःला नोकरीवर ठेवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये चिदंबरम पिल्लै प्रकरणात हेच स्पष्ट केलं: भागीदाराचं वेतन म्हणजे दुसऱ्या नावाने दिलेला नफ्याचा वाटा. म्हणून हिशेबाच्या रीतीनुसार भांडवलावरचं व्याज आणि भागीदारांचं वेतन दुकानभाडं-हमालीच्या रांगेत बसत नाही. आधी निव्वळ नफा काढायचा, मग वाटणीच्या खात्यात हे दोन्ही नावे टाकायचे.

दुसरा समज असा की दुकानात दिवसभर बसणाऱ्याला पगार आणि जास्त भांडवल घालणाऱ्याला व्याज आपोआप मिळतं. तसं नाही. 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 13 सांगतं की करार नसेल तर पगार नाही, भांडवलावर व्याज नाही आणि नफा-तोटा समसमान. मग एकाचे दहा लाख असोत आणि दुसऱ्याचे पाच. ठरलेल्या भांडवलाहून जास्त उसने दिले असतील, तर त्या रकमेवर मात्र सालाना 6 टक्के व्याज मिळतं.

आता आयकराची मर्यादा. उदाहरणासाठी एक काल्पनिक फर्म घेऊ. दोन भागीदार, दोघेही काम पाहणारे. भांडवल दहा लाख आणि पाच लाख, व्याज 12 टक्के, नफा निम्मा-निम्मा. पगार एकाला महिना 50 हजार, दुसऱ्याला 30 हजार. व्याज-पगाराआधीचा वर्षाचा नफा 11,80,000 रुपये.

व्याजाचे 1,80,000 वजा केले की 10,00,000 उरतात. हा ‘बुक प्रॉफिट’. 12 टक्के साधं व्याज ही कमाल सूट आहे. डीडमध्ये 18 टक्के लिहिले तरी वरचे सहा टक्के फर्मच्या उत्पन्नातच धरले जातात. आर्थिक वर्ष 2024-25 पासून पगाराची मर्यादा अशी: पहिल्या सहा लाखांवर 90 टक्के किंवा तीन लाख यांपैकी जास्त असेल ते, उरलेल्यावर 60 टक्के. म्हणजे 5,40,000 अधिक 2,40,000, एकूण 7,80,000. तोटा झाला तरी तीन लाखांपर्यंत पगार चालतो. पण तो काम पाहणाऱ्या भागीदारालाच; नुसतं नाव आणि भांडवल देणाऱ्याच्या पगारावर फर्मला एक रुपयाही सूट नाही.

आपल्या फर्मने पगार लिहिला 9,60,000. वहीत नफा उरला 40,000, म्हणून दोघेही खूश. पण आयकराच्या हिशेबात 7,80,000 च वजा होतात, 2,20,000 करपात्र राहतात, आणि 30 टक्के कर अधिक 4 टक्के उपकर धरून 68,640 रुपये भरावे लागतात. वहीतल्या नफ्यापेक्षा कर मोठा! पगार नेमका 7,80,000 ठेवला असता तरी कर एवढाच आला असता. पगार फुगवून वाचलं काहीच नाही. फक्त वाटणी बदलली, कारण पगार 50 आणि 30 च्या प्रमाणात जातो आणि नफा निम्मा-निम्मा.

मग मर्यादेपलीकडच्या 1,80,000 पगारावर भागीदारालाही पुन्हा कर पडतो का? नाही. फर्मला जेवढी सूट मिळाली तेवढंच भागीदाराच्या हातात धंद्याचं उत्पन्न म्हणून करपात्र. नफ्याचा वाटा तर त्याला करमुक्तच असतो, कारण फर्मने कर भरलेला असतो. पण फर्म पहिल्या रुपयापासून 30 टक्के भरते आणि भागीदाराला स्लॅब मिळतो. म्हणून मर्यादेपर्यंत पगार घेण्यात बहुधा फायदा असतो, मर्यादेपलीकडे नाही.

सर्वात महाग पडणारा समज म्हणजे “डीडमध्ये ‘परस्पर संमतीने ठरेल तसा पगार’ लिहिलं की झालं.” केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं 25 मार्च 1996 चं परिपत्रक (क्रमांक 739) सांगतं की डीडमध्ये प्रत्येकाची रक्कम किंवा ती काढायची पद्धत लिहिलेली हवी. मोघम कलमावर सगळाच पगार नामंजूर होऊ शकतो. आणि मार्चमध्ये डीड दुरुस्त करून मागच्या एप्रिलपासूनचा पगारही बसवता येत नाही.

1 एप्रिल 2025 पासून एक नवीन काम वाढलं आहे. एका भागीदाराचा वर्षाचा पगार, बोनस, कमिशन आणि व्याज मिळून 20 हजारांच्या वर गेलं की 10 टक्के टीडीएस कापायचा. रोख उचलली नाही, नुसती भांडवल खात्यात जमा केली, तरीही. मार्चअखेर एकच नोंद टाकून मोकळं होणाऱ्यांनी दर महिन्याची उचल कुठल्या नावाने लिहिली आहे, हे आधी तपासावं: पगार म्हणून दिलेल्या रकमेवर टीडीएस त्याच वेळी कापायला हवा होता.