साडेअकराला खोली मोकळी आहे का?

ऑफिसातली मीटिंग रूम संगणकावरून मागितली की लगेच उत्तर येतं: मंजूर किंवा नामंजूर. त्याआधी तीन गोष्टी पाहिल्या जातात. ऑफिस तेव्हा उघडं आहे का, माणसं खोलीत मावतात का, आणि खोली आधीच कुणाला दिलेली तर नाही ना.

पहिल्या दोन सोप्या. ऑफिस 6:30 ला बंद होत असेल, तर 6 ते 7 ची मागणी नाकारायची. सुरुवात वेळेत असून भागत नाही. खुर्च्या 12 आणि माणसं 14, तर तेही नाही. फसायला होतं ते तिसरीत.

समजा, खोली 10:30 ते 11:30 दिलेली आहे. नवशिका प्रोग्रामर विचार करतो: नव्या मीटिंगची सुरुवात किंवा शेवट या तासात पडतो का? 11 ते 12 ची मागणी त्यात बरोबर सापडते. पण कुणी 10 ते 12 मागितलं तर? 10 त्या तासाबाहेर, 12 ही बाहेर. मागणी मंजूर, आणि साडेदहाला दाराशी दुसरा गट हजर!

म्हणून प्रश्न उलटा विचारावा. दोन मीटिंगा एकमेकींच्या आड कधी येत नाहीत? एक संपल्यावरच दुसरी सुरू होते तेव्हा. एरवी टक्कर ठरलेली. ती ओळखायला एक ओळ पुरते:

```
new_start < old_end and old_start < new_end
```

10 हे 11:30 च्या आधी, 10:30 हे 12 च्या आधी. दोन्ही खरं, म्हणजे टक्कर. 11:30 ते 12 च्या मागणीत मात्र 11:30 हे 11:30 च्या आधी नाही, म्हणून ती मंजूर. इथे `<` ऐवजी `<=` लिहिलं, तर पाठोपाठच्या मीटिंगा विनाकारण नाकारल्या जातात. आणखी एक खोच: आपलीच मीटिंग पंधरा मिनिटं वाढवताना तिची जुनी नोंद तपासणीतून वगळावी लागते. नाहीतर माणसाची स्वतःशीच टक्कर होते.

नुसतं ‘नामंजूर’ हे उत्तर चिडवणारं असतं. ‘10:30 ते 11:30 खोली दिलेली आहे, आसनं 12, तुम्ही 14’ अशी सगळी कारणं एकदम सांगावीत. फक्त टक्कर सांगितली, तर माणूस वेळ बदलून येतो आणि पुन्हा खुर्च्यांपाशी अडतो. खोली कुणी, कशासाठी घेतली हे मात्र सांगू नये. आत कुणाची मुलाखत चालू असू शकते.

एवढं करूनही दोघांनी एकाच क्षणी तीच वेळ मागितली, तर दोघांच्याही तपासणीत खोली मोकळीच दिसते आणि दोन्ही नोंदी होतात. तपासणी आणि नोंद यांच्यामध्ये फट राहिली की असं होतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्यावर चांगली सोय आहे: एकाच खोलीच्या दोन नोंदींच्या वेळा एकमेकींवर येऊ नयेत, असा नियम थेट तक्त्यालाच लावता येतो. मग दुसरी नोंद डेटाबेसच परत पाठवतो. तेव्हा पडद्यावर येणारा तांत्रिक एरर त्या माणसाला तसाच दाखवू नये. त्याच्यासाठी कारण नेहमीचंच आहे: खोली दिलेली आहे.