अक्षरजुळणी, प्राथमिक वाचनातील

अक्षरजुळणी, प्राथमिक वाचनातील : सुटी अक्षरे पाहून त्यांचे ध्वनी सलग उच्चारणे व त्यांतून ओळखीचा शब्द तयार करणे, या क्रियेस अक्षरजुळणी असे म्हणतात. इयत्ता पहिलीच्या वर्गात मूळाक्षरे अचूक ओळखणारे, परंतु त्याच अक्षरांचा शब्द वाचता न येणारे मूल हमखास आढळते. ‘न’, ‘ग’, ‘र’ ही अक्षरे ते बिनचूक सांगते आणि ‘नगर’ या शब्दापाशी मात्र अडते. अक्षर ओळखणे व अक्षरे जुळविणे ही दोन भिन्न कौशल्ये असून पहिल्यातून दुसरे आपोआप उद्‌भवत नाही, हे यावरून स्पष्ट होते. यासाठी रोज पंधरा-वीस मिनिटांचा स्वतंत्र पाठ घेतला जातो.

इंग्रजीसारख्या भाषेत जुळणीचे एकक सुटा ध्वनी हे असते. त्यातील ‘ब’ किंवा ‘ट’ सारखा ध्वनी स्वराच्या आधाराशिवाय लांबविता येत नाही. त्यामुळे शिक्षक नकळत त्यास एक पुसट स्वर जोडतो आणि जुळणी बिघडते. ध्वनी तोडून न म्हणता एकातून दुसऱ्यात वाहते ठेवल्यास नवे शब्द वाचणे मुलांना सोपे जाते, असे गोन्झालेझ-फ्रे व एरी यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. देवनागरीत ही अडचण वेगळ्या रूपाने येते. येथील प्रत्येक व्यंजनचिन्हात ‘अ’ अंगभूत असतो, म्हणून ‘नऽऽ’, ‘गऽऽ’ असे प्रत्येक अक्षर हवे तेवढे लांबविता येते. मात्र लिहिलेला हा ‘अ’ मराठीच्या बोलण्यात सर्वत्र उच्चारला जात नाही. ‘घर’ या शब्दाचा उच्चार ‘घर्’ असा होतो. मुलाने ‘घऽ रऽ’ असे प्रामाणिकपणे म्हटले, तर कानावर पडणारा ध्वनी त्याच्या घरातल्या ‘घर’ या शब्दाशी जुळत नाही आणि त्याला शब्द सापडत नाही. चूक मुलाची नसते. लेखन व उच्चार यांतील हे अंतर त्याला कोणी दाखविलेले नसते.

सहा वर्षांच्या मुलास व्याकरणाचा नियम सांगणे अर्थातच निरुपयोगी होय. शिक्षकाने मात्र तो मनात ठेवावा. काना, मात्रा, वेलांटी वा उकार नसलेले अंत्य अक्षर सामान्यतः आपला ‘अ’ टाकते आणि आधीच्या अक्षरास चिकटते. म्हणून ‘नगर’ची फोड ‘न–गर्’, ‘वानर’ची ‘वा–नर्’ अशी होते. अंत्य अक्षरास स्वरचिन्ह असेल व मधले अक्षर बिनचिन्हाचे असेल, तर मधला ‘अ’ लोपतो. ‘सरडा’ हा ‘सर्–डा’ आणि ‘बगळा’ हा ‘बग्–ळा’ होतो. ‘गडबड’ या शब्दात दोन जोड्या पडतात : ‘गड्–बड्’. ‘शब्द’, ‘मंत्र’ यांसारख्या जोडाक्षरान्त शब्दांत अंत्य ‘अ’ उच्चारला जातो. परंतु ते शब्द या टप्प्यावर घ्यावयाचेच नसतात.

डावीकडून एकेक अक्षर वाढवीत नेण्याची रूढ पद्धत यामुळेच काही शब्दांत फसते. ‘न’, मग ‘नग’, मग ‘नगर’ असा क्रम ठेवला, तर मूल ‘नग’ हा शब्द ‘नग्’ असा (म्हणजे वस्तू या अर्थाच्या शब्दाप्रमाणे) पुरा करते व त्यास ‘र’ जोडून ‘नग्–र’ म्हणते. त्याऐवजी फळ्यावर ‘नगर’ लिहून शिक्षकाने ‘न’ हाताने झाकावा व ‘गर’ वाचवून घ्यावा. मग हात काढून बोट ‘न’खाली ठेवावे, ‘नऽऽ’ असा आवाज न तोडता लांबवावा आणि बोट सरकवीत ‘गर’वर उतरावे : ‘नऽऽगर’. नंतर तोच शब्द नेहमीच्या गतीने म्हणवून घ्यावा. ‘सरडा’साठी याउलट, ‘डा’ झाकून प्रथम ‘सर’ जुळवावा. लांबवावयाचे ते शेवटच्या तुकड्याआधीचे. शेवटचे अक्षर कधीही लांबवू नये, एवढे पथ्य पाळले की निम्मी अडचण दूर होते.

पाठाची सुरुवात अक्षरांविना करणे इष्ट. शिक्षक ‘वा … नर’, ‘ना … ग’ असे तुकडे बोलतो व मुले शब्द सांगतात. दोन-तीन मिनिटांत कान तयार होतो. त्यानंतर त्या गटातील अक्षरपत्त्यांची झटपट उजळणी होते. म, न, ग, र एवढ्या चार अक्षरांतून मन, नग, गर, नर, मगर, नगर, गगन, नमन असे शब्द मिळतात. काना शिकविला की मान, नाग, रान, मामा, गार यांची भर पडते. सर्व मूळाक्षरे संपेपर्यंत शब्दवाचन लांबणीवर टाकण्याचे त्यामुळे काहीच कारण उरत नाही. पाठाचा मोठा भाग फळ्यावरील पाच-सहा शब्द जुळविण्यात जावा आणि अखेरीस त्यांतील दोन-तीन शब्द मुलांनी पाटीवर लिहावेत. लिहिताना शब्द फोडावा लागतो व वाचताना जुळवावा लागतो. एकाच पाठात दोन्ही झाल्यास दोहोंस बळकटी येते.

अक्षर पाहताक्षणी ओठांवर आले पाहिजे, ही जुळणीची पूर्वअट होय. लहान मुलाच्या स्मरणात एका वेळी थोडेच तुकडे टिकतात. तिसरे अक्षर आठवेपर्यंत पहिले निसटते. ‘मगरीतला म, नळातला न’ अशी ओळख आरंभी उपयोगी असली, तरी ‘मन’ वाचताना तीच आड येते, कारण मुलाच्या कानात तोवर ‘मगर’ आणि ‘नळ’ घुमत असतात. ‘क ला काना का’ ही बाराखडीची घोकणीदेखील लेखनासाठी ठीक आहे. पण ‘काम’ हा दोन तुकड्यांचा शब्द तिने विनाकारण लांबतो. ‘का’ हे एकच चित्र म्हणून ओळखता येणे आवश्यक असते. पहिल्या वेलांटीबाबत तर हे विशेष खरे आहे, कारण ‘कि’मध्ये वेलांटी डावीकडे दिसते आणि तिचा उच्चार मात्र नंतर होतो.

अडचण नेमकी कोठे आहे, हे मुलाच्या चुकीवरून कळते. ‘नगर’ पाहून मूल ‘नळ’ म्हणाले, तर ते पहिल्या अक्षरावरून अंदाज करीत आहे. अशा वेळी चित्रे बाजूस ठेवून शब्द तुकड्यातुकड्याने उघडावा. ‘न, ग, र’ असे म्हणून ते ‘गर’ एवढेच म्हणाले, तर पहिले अक्षर स्मरणातून गळाले आहे. तेथे दोन अक्षरी शब्दांकडे परतणे योग्य. ‘नगरऽ’ असे ताणून म्हणून ते गप्प झाले, तर जुळणी झालेली आहे, केवळ अंत्य ‘अ’ सुटावयाचा राहिला आहे. त्यास ‘आपण बोलताना कसे म्हणतो?’ एवढे विचारणे बहुधा पुरते.

पाठ केलेले शब्द व जुळविलेले शब्द यांतील फरक ओळखण्यासाठी ‘रनग’, ‘मानर’ यांसारखे निरर्थक शब्द अधूनमधून द्यावेत. इंग्लंडमध्ये २०१२ पासून घेतल्या जाणाऱ्या ध्वनिवाचन चाचणीत ४० शब्दांपैकी २० शब्द अशाच प्रकारचे असतात. तथापि त्यांचा उपयोग पारखण्यापुरताच करावा. रोजच्या सरावात अर्थ असलेलेच शब्द हवेत, कारण जुळलेला ध्वनी ओळखीच्या शब्दाशी ताडून पाहणे हा जुळणीचाच शेवटचा भाग आहे. ‘चार’ व ‘चारा’ यांतील ‘च’चा उच्चार भिन्न असतो आणि कोणता घ्यावयाचा, हे अर्थच ठरवितो. मूल एका उच्चाराने अडले, तर दुसरा करून पाहण्यास सांगावे.

याच कारणाने भिली, गोंडी वा कोरकू बोलणाऱ्या घरांतील मुलांची स्थिती निराळी असते. ‘सरडा’ हा शब्द त्यांनी बिनचूक जुळविला, तरी तो शब्दच त्यांच्या कानावरून गेलेला नसेल, तर बरोबर आल्याची खूण त्यांना आतून मिळत नाही. अशा वर्गात त्या दिवशीचे शब्द आधी वस्तू वा चित्र दाखवून बोलण्यात आणावे लागतात, मगच ते फळ्यावर लिहावेत.