सायबेरियाकडे सरकणारा ध्रुव

1 जून 1831 रोजी जेम्स क्लार्क रॉस हा ब्रिटिश दर्यावर्दी कॅनडाच्या उत्तर टोकाला, बूथिया द्वीपकल्पावर उभा होता. त्याच्याजवळची चुंबकसूची जवळपास सरळ खाली, जमिनीकडे रोखली गेली होती. उत्तर चुंबकीय ध्रुव सापडला, तो असा. आज तो ध्रुव तिथून दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर, सायबेरियाच्या बाजूला आर्क्टिक महासागरात आहे. तो का सरकला, हे समजायचं तर पायांखाली 2,900 किलोमीटर खोल जावं लागतं.

पृथ्वीच्या पोटात एखादा प्रचंड लोहचुंबक पुरलेला असेल, ही कल्पना टिकत नाही. लोखंड 770 अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्याचं चुंबकत्व जातं, आणि एवढं तापमान काही दशक किलोमीटर खोलीवरच येतं. गाभ्यात तर ते हजारो अंश आहे. शिवाय गाभ्याचा बाहेरचा भाग चक्क वितळलेला आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि त्या इथेच अडतात, म्हणून हे कळलं. लोखंड, थोडं निकेल आणि काही हलकी मूलद्रव्यं यांचा हा सुमारे 2,250 किलोमीटर जाडीचा थर म्हणजे बाह्य गाभा. त्याच्या आत घन अंतर्गाभा आहे.

हा द्रव स्वस्थ नसतो. पृथ्वी हळूहळू निवते आहे, तसतसं लोखंड अंतर्गाभ्यावर थिजत जातं. थिजताना उष्णता बाहेर पडते आणि हलकी मूलद्रव्यं द्रवात मागे उरतात. त्यामुळे तळचा द्रव हलका होऊन वर चढतो, वरचा थंड, जड द्रव खाली बसतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हे वरखाली जाणारे प्रवाह सरळ न राहता मळसूत्रासारखे पिळले जातात. त्यांचा वेग वर्षाला साधारण 10 ते 20 किलोमीटर, म्हणजे गोगलगायीहूनही कमी. पण लोखंड वीजवाहक आहे आणि पसारा अफाट आहे, तेव्हा एवढा वेग पुरतो.

वाहक चुंबकीय क्षेत्रातून सरकला की त्यात वीज निर्माण होते. सायकलच्या डायनॅमोत त्यासाठी चुंबक आयता बसवलेला असतो. गाभ्यात तो नाही. तिथे तयार झालेली वीजच नवं चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, त्या क्षेत्रातून द्रव पुन्हा वाहतो, पुन्हा वीज तयार होते. सुरुवातीला कुठलंही क्षीण क्षेत्र पुरेसं असतं. पुढे चक्र चालू राहतं, पण फुकट नव्हे. विजेला विरोध होतोच, आणि प्रवाह थांबले तर काही दहा हजार वर्षांत क्षेत्र विरून जाईल. तरीही 3 अब्ज वर्षांहून जुन्या खडकांत त्याच्या खुणा आहेत. म्हणजे इतका काळ ते सतत नव्याने तयार होत आलं आहे.

गाभ्यात कोणी उतरू शकत नाही. तिथलं वाहणं आपल्याला कळतं ते पृष्ठभागावरच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं होणाऱ्या संथ बदलांवरून. म्हणून जुन्या, अखंड नोंदींचं मोल फार मोठं. मुंबईत कुलाब्याला 1840च्या दशकापासून अशा नोंदी होत. ट्राम विजेवर चालवायचं ठरल्यावर तिथली मोजमापं बिघडणार होती, म्हणून 1904 मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. हा निर्णय मला फार दूरदृष्टीचा वाटतो.

ध्रुवाचा वेग विसाव्या शतकात बराच काळ वर्षाला 15 किलोमीटरच्या आतच होता. 1990 नंतर तो वाढत 50 च्या वर गेला. गाभ्याच्या माथ्यावर तीव्र क्षेत्राचे दोन पट्टे आहेत: एक कॅनडाखाली, एक सायबेरियाखाली. ज्याचा जोर अधिक, ध्रुव त्याच्याकडे झुकतो. 2020 मध्ये फिल लिव्हरमोर आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवलं, की 1970 ते 1999 या काळात गाभ्यातल्या प्रवाहाची ठेवण बदलली, कॅनडाखालचा पट्टा ताणला गेला आणि पृष्ठभागापर्यंत पोहोचणारा त्याचा जोर घटला. ध्रुव पलीकडे निघाला तो त्यामुळे.

ही धाव म्हणजे ध्रुवांच्या उलटापालटीची नांदी, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. अशी शेवटची उलटापालट सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वी झाली, आणि ती व्हायला हजारो वर्षं लागतात. शिवाय अलीकडे ध्रुवाचा वेग पुन्हा कमी होऊन वर्षाला 35 किलोमीटरच्या आसपास आला आहे.

जहाजं, विमानं आणि आपले मोबाइल खरी उत्तर काढण्यासाठी ज्या जागतिक चुंबकीय प्रारूपावर विसंबतात, ते दर 5 वर्षांनी सुधारतात. ध्रुव अंदाजापेक्षा वेगाने सरकल्यामुळे 2019च्या फेब्रुवारीत ते मुदतीआधीच बदलावं लागलं. सध्याचं प्रारूप 2029च्या अखेरपर्यंत चालेल.