नको म्हणणाऱ्यांच्या शेअरची किंमत

शेअर तुमच्या नावावर आहेत, ते विकायचे नाहीत, मतदानातही तुम्ही 'नको' म्हणालात. तरी एके दिवशी ते खात्यातून नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी पैसे जमा होतात. विलीनीकरणात हे अगदी कायदेशीरपणे घडतं. खरेदीदार एक कागदी कंपनी काढतो, ती मूळ कंपनीत विलीन करतो आणि ठरावात लिहून टाकतो की बाकीच्या सर्वांचे शेअर रद्द होऊन त्यांना अमुक रक्कम मिळेल. ठराव संमत झाला की विरोधकांचेही शेअर गेले. भांडायला उरते ती फक्त किंमत.

संगणक बनवणाऱ्या डेल कंपनीत 2013 साली हेच झालं. संस्थापक मायकल डेल आणि सिल्व्हर लेक या गुंतवणूक संस्थेने मिळून कंपनी शेअर बाजारातून काढून घ्यायचं ठरवलं. सौद्याची कुणकुण लागण्यापूर्वी शेअर 10.88 डॉलरला होता, देऊ केले 13.65. वरकरणी चांगलाच भाव. पण कंपनीला आतून सर्वांत जास्त ओळखणारा माणूसच खरेदीदार, मग आपल्याला विकायला का सांगतोय, हा प्रश्न अनेकांना पडला. जुलैतली सभा पुन्हापुन्हा पुढे ढकलली गेली, भाव थोडा वाढवून 13.75 केला गेला आणि मतदानाचा नियमही बदलला. आधी मत न देणारे विरोधात धरले जाणार होते, आता ते मोजायचेच नाहीत असं ठरलं. सप्टेंबरमध्ये ठराव संमत झाला.

डेलची नोंदणी डेलावेअर राज्यातली. तिथला कायदा नाराज भागधारकाला एक वाट देतो, तिला ॲप्रेझल म्हणतात: सौदा थांबवता येत नाही, पण न्यायालयाकडून रास्त किंमत ठरवून मागता येते. त्यासाठी मतदानाआधी लेखी मागणी करायची, सौदा पूर्ण होईपर्यंत शेअर सोडायचे नाहीत आणि बाजूने मत द्यायचं नाही.

रास्त किंमत म्हणजे किती? दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी एकच पद्धत वापरली. कंपनी पुढे किती रोकड कमावेल याचा अंदाज बांधायचा आणि व्याजदरासारखा एक दर लावून ती रक्कम आजच्या मोलात आणायची. भागधारकांच्या तज्ज्ञाचं उत्तर आलं 28.61 डॉलर, कंपनीच्या तज्ज्ञाचं 12.68. अंदाजात आणि दरात थोडा फरक केला की वर्षांमागून वर्षं तो चढत जातो, म्हणून ही दरी. (फी कोण देतो, हेही विसरू नये.) 2016 मध्ये न्यायाधीश लॅस्टर यांनी स्वतः गणित मांडून 17.62 हा आकडा काढला. त्यांचं निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं: असे खरेदीदार कंपनीचं मोल किती हे पाहत नाहीत, कर्ज काढून घेतली तर आपल्याला हवा तो नफा कोणत्या भावात सुटेल हे पाहतात. त्यामुळे सौद्याचा भाव मोलापेक्षा कमी असू शकतो.

2017 मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. कंपनीचे शेअर बाजारात मुबलक खरेदी-विक्रीत होते, इतर खरेदीदारांनाही आवतण होतं, जास्त भाव देणारं कोणी टिकलं नाही. अशा वेळी सौद्याच्या भावाला फारसं वजन न देणं चूक, असं त्यांनी म्हटलं.

आपल्याकडे विलीनीकरणात असा सरसकट हक्क नाही. योजनेला आक्षेप घ्यायलाही निदान 10 टक्के शेअर किंवा 5 टक्के थकीत कर्ज आपलं असावं लागतं, म्हणजे किरकोळ भागधारक दाराबाहेरच. तरी भाव हलतो. कॅडबरी इंडियाने विलीनीकरणाऐवजी भांडवल कपातीच्या मार्गाने उरलेल्या भागधारकांना बाहेर काढायचं ठरवलं, तेव्हा देऊ केले होते 1,340 रुपये. मुंबई उच्च न्यायालयात काही जणांनी नेट धरला, नव्याने मूल्यांकन झालं आणि 2014 मध्ये मंजूर झालेला भाव होता 2,014.50.

डेल प्रकरणातला एक मोठा विरोधक होता टी. रो प्राइस, सुमारे 3 कोटी शेअर सांभाळणारी फंड कंपनी. तिने जाहीर विरोध केला, मागणीही वेळेत नोंदवली. पण तिच्या मतदान यंत्रणेत विलीनीकरणाला आपोआप 'हो' नोंदवायची सोय होती. जुलैच्या सभेसाठी कोणीतरी ते बदलून 'नको' केलं होतं. सभा पुढे गेली, नवी नोंद तयार झाली आणि 'हो' परत येऊन बसलं. कोणी पाहिलं नाही. न्यायालयाने हक्क नाकारला, मिळाले ते 13.75, व्याजाशिवाय. आपल्या ग्राहकांना फंडाने खिशातून सुमारे 19.4 कोटी डॉलर भरून दिले. हिशेब 17.62 धरून केला होता. पुढच्याच वर्षी तो आकडा रद्द झाला.