बावीस स्लाइड्स आणि अर्ध्या मिनिटाची शांतता

मे महिन्यात, खरिपाच्या तोंडावर, शेतकऱ्यांसाठी होणाऱ्या एका वेबिनारचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. विषय होता सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणक्षमता कशी तपासायची. तज्ज्ञ सरांनी दोन दिवस आधी त्यांचं प्रेझेंटेशन पाठवलं. २२ स्लाइड्स होत्या आणि मजकूर नेमका होता. पूर्वी असं प्रेझेंटेशन हातात आलं की मी प्रत्येक स्लाइडची दोन-तीन वाक्यं करायचे, मधूनमधून ‘काही शंका असल्यास विचारा’ घालायचे आणि संहिता झाली असं समजायचे. अशा कार्यक्रमात लोक येत, ऐकत आणि एक शब्दही न लिहिता निघून जात. त्यांना काय कळलं हे आम्हाला शेवटपर्यंत कळत नसे.

वेबिनारमध्ये समोरचे चेहरे दिसत नाहीत. सभागृहात मान डोलावली जाते, कपाळावर आठी पडते, कोणी शेजाऱ्याला काही विचारतो, आणि त्यावरून वक्ता आपोआप सावरून घेतो. इथे ते काहीच नसतं. ती आठी पोलमधून आणि थांब्यांमधून पडद्यावर आणावी लागते, म्हणून संहिता लिहिताना स्लाइडऐवजी थांब्यांपासून सुरुवात करायला मी शिकले.

त्यासाठी आधी वेळेचा हिशोब मांडते. कार्यक्रम ६० मिनिटांचा. स्वागत आणि ओळख ४ मिनिटं, शेवटची प्रश्नोत्तरं १५ मिनिटं. उरली ४१. एका पोलला, प्रश्न वाचण्यापासून निकालावर बोलून होईपर्यंत, अडीच मिनिटं सहज जातात. तीन पोलची साडेसात धरली. एक पोल दुसऱ्यांदा घ्यावा लागला तर त्याची अडीच राखून ठेवली. चॅटमध्ये लिहिण्याचे दोन थांबे, प्रत्येकी दोन मिनिटांचे. म्हणजे १४ मिनिटं गेली आणि सरांच्या बोलण्याला २७ राहिली. एका स्लाइडला दोन-अडीच मिनिटं धरली तर ११ स्लाइड्स होतात. त्यामुळे अर्ध्या स्लाइड्स काढाव्या लागणार हे लिहायला बसण्याआधीच ठरलं. सरांना तसं फोन करून सांगितलं. सोयाबीनच्या जातींची माहिती, लागवडीखालचं क्षेत्र, रोगांचे फोटो यांच्या स्लाइड्स वेगळ्या काढल्या आणि कार्यक्रमानंतर सगळ्यांना पाठवायचं ठरलं. सर थोडे नाराज झाले, पण घाईघाईने २२ स्लाइड्स उलटण्यापेक्षा हे बरं, हे त्यांनाही पटलं.

उरलेल्या ११ स्लाइड्समध्ये विषयाचा गाभा होता. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. मळणीत किंवा पोती आदळताना मार बसला की वरून धडधाकट दिसणारा दाणाही उगवत नाही. म्हणून पोत्याच्या वेगवेगळ्या भागांतून बी काढून, मिसळून, न निवडता १०० दाणे घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळायचे आणि ओल टिकवत आठवडाभर सावलीत ठेवायचे. मग चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. त्याहून कमी उगवले तर प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवायचं.

मूळ स्लाइडवर हे एवढंच होतं: ‘उगवण ७०% = ३० किलो/एकर. प्रत्येक १% घटीस ०.५ किलो वाढ.’ वाचताना सोपं वाटतं, पण गडबड इथेच होते. ऐकणाऱ्याच्या डोक्यात ‘टक्का कमी, बी जास्त’ एवढंच राहतं. किती जास्त, ते निसटतं. पोलची जागा मला इथे सापडली.

पोलचा प्रश्न शोधताना मी स्वतःला एकच विचारते: उत्तर वेगळं आलं तर पुढचं बोलणं बदलेल का? बदलणार नसेल तर तो पोल निव्वळ शोभेचा. ‘बीजपरीक्षण महत्त्वाचं आहे असं वाटतं का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणणार आणि आपण पुढे जाणार. त्याऐवजी मी असं लिहिलं:

‘१०० पैकी ६२ दाणे उगवले. ७० उगवले असते तर एकरी ३० किलो लागलं असतं. आता किती घ्याल? १) ३० किलो २) ३४ किलो ३) ३८ किलो ४) ४१ किलो.’

यातला प्रत्येक पर्याय एकेका समजुतीसाठी ठेवला आहे. ३० म्हणणाऱ्याने परीक्षण आणि बियाण्याचं प्रमाण जोडलेलंच नाही. ३८ म्हणणारा एका टक्क्याला एक किलो धरतो. ४१ म्हणणारा न उगवलेल्या ३८ दाण्यांकडे बघून तीस किलोत ३८ टक्के वाढवतो. बरोबर उत्तर ३४, कारण ८ टक्क्यांचे अर्धे ४ किलो. पडताळायचं तर ३० किलोच्या ७० टक्के म्हणजे २१ किलो उगवणारं बी, आणि ३४ किलोच्या ६२ टक्के केले तरी साधारण तेवढंच येतं. चुकीचे पर्याय असे विचार करून ठेवले की निकाल पाहताक्षणी गाठ कुठे आहे ते दिसतं.

प्रश्नातच ७० आणि ३० हे आकडे मुद्दाम घातले. मोबाइलवर पोल उघडला की तो स्लाइड झाकून टाकतो. ‘स्लाइडवरचा तक्ता बघून उत्तर द्या’ असं म्हटलं तर बघायला तक्ताच उरत नाही. आमचे बहुतेक लोक मोबाइलवर असतात.

पुढे निकालानुसार संहितेला तीन वाटा फुटतात. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात वर्गात प्रश्न विचारून मतं घेण्याची जी पद्धत रुजवली, तिचा मला इथे आधार मिळाला. साधारण ७० टक्क्यांहून जास्त जण बरोबर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जायचं. ३० टक्क्यांहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा समजावायचा. मधली स्थिती असेल तर उत्तर सांगायचंच नाही. लोकांना एकमेकांशी बोलू द्यायचं आणि पुन्हा मतं घ्यायची. वेबिनारमध्ये शेजारी नसतो, म्हणून तिथे चॅट वापरायचा. माझ्या संहितेतलं ते पान असं होतं:

‘२१ वं मिनिट. पडदा: पोल २. सूत्रसंचालक: प्रश्न मोठ्याने, पर्यायांसह, एकदा वाचा. मग म्हणा: “हिशोब करायला वेळ घ्या. मी आता अर्धा मिनिट काही बोलणार नाही. आवाज गेलेला नाही, तुमचा फोन ठीक आहे.” थांबा: ३० सेकंद, गप्प. मग: “अजून पंधरा सेकंद आहेत.” थांबा: १५ सेकंद. पोल बंद.

वाट अ (३४ ला सत्तरच्या वर): “बहुतेकांचा हिशोब जुळला. सर, अर्धाच किलो का, ते एका मिनिटात सांगाल?”

वाट ब (तीस ते सत्तर): निकाल दाखवू नका. “मतं विभागली आहेत. तुमचा आकडा कसा आला ते एका ओळीत चॅटमध्ये लिहा.” थांबा: ६० सेकंद. दोन-तीन ओळी नाव न घेता वाचा. पोल पुन्हा.

वाट क (तिसाच्या खाली): “सर, हा हिशोब कागदावर करून दाखवूया.” जास्तीची स्लाइड.’

सूत्रसंचालकाची वाक्यं शब्दन्‌शब्द लिहिली आहेत आणि सरांच्या वाट्याला फक्त मुद्दे व मिनिटं ठेवली आहेत. तज्ज्ञांना वाक्यं लिहून दिली की ते वाचायला लागतात आणि त्यांच्या बोलण्यातला जिवंतपणा जातो. सूत्रसंचालकाला मात्र पोल उघडताना, चॅट बघताना, घड्याळ सांभाळताना शब्द शोधायला उसंत नसते.

‘आवाज गेलेला नाही’ हे वाक्य अनुभवातून आलं. पहिल्यांदा मी पूर्ण अर्धा मिनिट गप्प राहिले तेव्हा चॅटमध्ये एकामागोमाग ‘आवाज येत नाही’ असे संदेश आले आणि काही जण बाहेर पडून पुन्हा आत आले. ऑनलाइन शांतता सांगून करावी लागते. तरीही ती करावीच लागते. वर्गात शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तो थांबा तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, असं अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं. आपल्याला तर थांबण्याखेरीज प्रश्न वाचणं, बोटाने पर्याय दाबणं, नेटवर्क धीमं असणं हे सगळं धरायचं आहे. म्हणून थांबा सेकंदांत लिहावा आणि तो घड्याळ बघून पाळावा. अंदाजाने अर्धा मिनिट मोजायला गेलं की मन दहाव्या सेकंदालाच बोलायला लावतं.

चॅटच्या थांब्यालाही हाच नियम. मोबाइलवर मराठीत वाक्य टाइप करणं अनेकांना जड जातं. ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हटलं की शांतता पसरते. ‘मागच्या खरिपात एकरी किती किलो सोयाबीन पेरलं? फक्त आकडा लिहा’ म्हटलं की चॅट धो-धो वाहतो. कार्यक्रमाच्या पहिल्या पाच मिनिटांत असा एक सोपा आकडा मागितला की हात मोकळा होतो आणि मग वाट ब मधली एक ओळ लिहिणंही अवघड वाटत नाही.

निकाल वाचताना टक्केवारीची भूल पडते. ८० जण हजर असतील आणि २५ जणांनीच मत दिलं असेल, तर ‘६० टक्के शेतकरी म्हणतात’ हे वाक्य खोटं ठरतं. संहितेत मी कंस ठेवते: ‘मत दिलेल्या ___ जणांपैकी ___’. वेबिनार त्याच वेळी यूट्यूबवर दाखवला जात असेल तर तिथल्या लोकांना आपला पोल दिसत नाही, शिवाय त्यांच्यापर्यंत आवाज काही सेकंद उशिरा पोचतो. त्यांच्यासाठी ‘१ ते ४ मधला क्रमांक लिहा’ हे वाक्य वेगळं हवं. पोल उघडलाच नाही तर हेच वाक्य सगळ्यांना कामी येतं.

त्या दिवशी वाट ब उघडली. बरेच जण ३८ वर होते. चॅटमध्ये एका दादांनी लिहिलं, ‘आठ टक्के कमी म्हणून आठ किलो.’ त्याखाली एका ताईंचं उत्तर आलं, ‘वाढवलेल्या बियातलं पण सगळं उगवत नाही ना, मग अर्धा किलो कसा पुरेल?’ हा प्रश्न कोणत्याच स्लाइडवर नव्हता. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ताई, चला, मोजून बघू.” त्यांनी कागद घेतला, २१ किलोचा हिशोब मांडला आणि भागाकार करून दाखवला. वाढवलेल्या चार किलोंतही न उगवणारं बी आहे आणि ते धरूनच २१ चा आकडा गाठला जातो, हे तिथे स्पष्ट झालं. दुसऱ्या पोलमध्ये ३४ बराच वर गेला. आमचा कार्यक्रम चार मिनिटं मागे पडला होता. संहितेत पेरणीच्या खोलीच्या स्लाइडशेजारी मी आधीच लाल शाईने ‘इथून कापता येईल’ असं लिहून ठेवलं होतं, म्हणून तीन-चार सेंटीमीटर हा आकडा एका वाक्यात सांगून आम्ही थेट शेवटच्या पोलवर गेलो: ‘किती पाऊस झाल्यावर पेरणी कराल?’