तेहतीस हजार शंभर रुपयांचे तीन हप्ते

‘३३,१०० रुपयांचे कर्ज द.सा.द.शे. १० दराने चक्रवाढ व्याजाने घेतले. प्रत्येक वर्षाच्या शेवटी एक, असे तीन समान हप्ते भरून ते फेडायचे आहे. प्रत्येक हप्ता किती?’ स्पर्धा परीक्षांच्या अंकगणितात असा प्रश्न रक्कम आणि दर बदलून पुन्हा पुन्हा भेटतो. घाईत असलेला विद्यार्थी तीन वर्षांची रास काढतो, ४४,०५६ रुपये १० पैसे, आणि तिला तीनने भागतो. उत्तर येते साधारण १४,६८५.

यात आकडेमोड अचूक आहे, चूक विचारात आहे. ४४,०५६ ही रास तेव्हाच होते, जेव्हा कर्जदार तीन वर्षे एक पैसाही भरत नाही. इथे तर पहिल्या वर्षाअखेरीसच हप्ता भरला गेला आणि पुढचे व्याज उरलेल्या रकमेवरच लागले. भरून झालेल्या पैशांवरचे व्याजही आपण कर्जदाराच्या माथी मारले.

माझ्या मते हा प्रश्न समजून घेण्याचा सर्वांत सरळ मार्ग असा: एका कर्जाचे मनातल्या मनात तीन तुकडे करावेत. पहिला तुकडा पहिल्या हप्त्याने एका वर्षात संपतो. दुसऱ्याला दोन वर्षे कोणी हात लावत नाही आणि दुसरा हप्ता त्याची व्याजासह परतफेड करतो. तिसरा तीन वर्षे वाढत राहतो. हप्ते समान आहेत, म्हणजे तिन्ही तुकडे वाढून शेवटी एकाच रकमेला पोहोचले पाहिजेत.

दहा टक्के म्हणजे १० चे ११. एका वर्षात १० चे ११, दोन वर्षांत १०० चे १२१, तीन वर्षांत १,००० चे १,३३१. आता तिन्ही ठिकाणी शेवटची रक्कम १,३३१ करू. पहिल्या जोडीला १२१ ने गुणले की १,२१० चे १,३३१ होतात. दुसरीला ११ ने गुणले की १,१०० चे १,३३१. तिसरी आहे तशीच. तुकड्यांची बेरीज १,२१० + १,१०० + १,००० = ३,३१०. म्हणजे कर्ज ३,३१० असेल तर हप्ता १,३३१. आपले कर्ज त्याच्या दसपट, म्हणून हप्ता १३,३१० रुपये.

पडताळा घेऊ. पहिल्या वर्षी व्याज ३,३१०, एकूण ३६,४१०, हप्ता वजा जाता २३,१०० उरले. दुसऱ्या वर्षी व्याज २,३१०, एकूण २५,४१०, उरले १२,१००. तिसऱ्या वर्षी व्याज १,२१०, एकूण बरोबर १३,३१०. शेवटच्या हप्त्याने खाते शून्यावर आले. व्याज किती दिले असे विचारले, तर तीन हप्त्यांचे ३९,९३० वजा ३३,१००, म्हणजे ६,८३०. १४,६८५ चा हप्ता धरून हाच पडताळा घेतला, तर तिसऱ्या वर्षाअखेरीस कर्जदाराने चार हजारांहून अधिक रुपये जास्तीचे भरलेले दिसतात.

याच मांडणीतून पर्याय गाळण्याची एक युक्ती मिळते. १,३३१ आणि ३,३१० यांना सामाईक विभाजक नाही. म्हणून दर १०, हप्ते तीन, वर्षाअखेरीस भरणा आणि कर्ज व हप्ता दोन्ही पूर्ण रुपयांत असतील, तर हप्त्याला १,३३१ ने निःशेष भाग गेलाच पाहिजे. नुसता ११ ने भाग जातो का हे पाहणे मात्र पुरेसे नाही. त्याचे कारण लगेच दिसेल. दर ५ असेल तर २० चे २१, साडेबारा असेल तर ८ चे ९, आणि पुढची रीत तीच. साडेनऊसारखा दर आला तर अपूर्णांक बोजड होतात. तिथे कागदावर वर्षवार वजाबाकी करणेच बरे.

खरी मेख प्रश्नाच्या शब्दांत असते. पहिला हप्ता कर्ज घेतानाच आणि पुढचे दोन पुढच्या दोन वर्षांच्या सुरुवातीला भरायचे असतील, तर प्रत्येक हप्ता एक वर्ष आधी पडतो. मग १३,३१० ला ११/१० ने भागायचे: १२,१००. या संख्येलाही ११ ने भाग जातो, आणि ११ ची कसोटी फसते ती इथेच.

‘तीन वर्षांनंतर देय असलेले ३३,१०० रुपयांचे कर्ज’ असे म्हटले, तर गोष्ट आणखी वेगळी होते. आता ३३,१०० ही आजची किंमत उरत नाही, ती तिसऱ्या वर्षाअखेरची होते. तिथे कर्ज मागे आणायचे नाही, हप्ते पुढे न्यायचे. पहिला हप्ता दोन वर्षे वाढतो, दुसरा एक वर्ष, तिसरा त्याच दिवशी भरला जातो. १ रुपयाच्या हप्त्यांचे मिळून १.२१ + १.१ + १ = ३.३१ रुपये होतात. म्हणून हप्ता १०,००० रुपये: पहिल्याचे १२,१००, दुसऱ्याचे ११,०००, तिसऱ्याचे १०,०००, आणि बेरीज ३३,१००.