आकड्याआधी लाट पाहा

अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो आणि सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर खिळते. समजा, त्या फोटोत SpO2, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी, ७९ दिसते आहे. साधारणपणे ती ९५ च्या वर असते, त्यामुळे घरच्यांचा जीव टांगणीला लागणं साहजिक आहे. पण त्याच फोटोत आणखी बरंच काही दिसत असतं.

बोटाला लावलेल्या चिमट्यातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात. प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त येतं, तसा आरपार जाणारा प्रकाश थोडा बदलतो. या बदलावरून ऑक्सिजनचा अंदाज काढायची युक्ती जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधली. म्हणजे ठोका नीट पकडला गेला, तरच आकडा विश्वासाचा. तो पकडला गेला की नाही, हे SpO2 च्या शेजारची लाट सांगते. ठोक्यागणिक एकसारखी उठणारी लाट चांगली. वेडीवाकडी किंवा जवळजवळ सपाट असेल, तर आकड्याबद्दल शंका घ्यावी.

आता तोच फोटो पुन्हा पाहू. छातीवरच्या पट्ट्यांवरून मोजलेले हृदयाचे ठोके, HR, ८४ आहेत आणि ईसीजीची रेघ नियमित आहे. बोटावरून मोजलेली नाडी, PR, मात्र ५१ आहे आणि तिची लाट सपाट. ईसीजी नियमित असताना दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. इथे तफावत पडली, कारण रक्तदाबाचा पट्टा त्याच हातावर होता. तो फुगला आणि बोटाकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं. पट्टा सैल झाल्यावर लाट परतली, PR ८४ झाला आणि ऑक्सिजन ९६.

गार पडलेली बोटं, हाताची हालचाल, गडद नेलपॉलिश यांमुळेही असंच होऊ शकतं. उलट, लाट स्वच्छ आहे, HR आणि PR जुळतात आणि तरीही आकडा ७९ आहे, तर तो खरा मानून तत्काळ सिस्टरांना बोलवावं. धाप लागली असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा रुग्ण गुंगीत जात असेल, तर लाट पाहत बसू नये.

मात्र ९५ ची अपेक्षा प्रत्येक रुग्णाकडून ठेवता येत नाही. दीर्घकाळच्या सीओपीडीत डॉक्टर बऱ्याचदा ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात. तिथे ९० पाहून नातेवाइकांनी परस्पर ऑक्सिजन वाढवणं घातक ठरू शकतं.

फोटोत एकच क्षण सापडतो. म्हणून तो पाठवण्याआधी सिस्टरांना दोन प्रश्न विचारा: गेल्या तासाभरात आकडा कसा बदलला आणि या रुग्णासाठी डॉक्टरांनी किती लक्ष्य ठरवलं आहे? ती उत्तरं फोटोखाली लिहून पाठवा.